उर्दू शेर हिंदीत उतरवताना : काय ठेवायचे, काय सोडायचे आणि चूक कशी ओळखायची

सातारा-सांगली भागातल्या आपल्या बऱ्याच घरांत आता एक गोष्ट सारखी दिसते. आजोबांच्या हातची उर्दू वही कपाटात असते आणि ती वाचणारे घरात कुणी नसते. नातवंडे मराठी शाळेत शिकलेली. कुरआन शरीफ अरबीत वाचतात, पण उर्दूचा घसीटा हात त्यांना लागत नाही. मग कुणी जाणकार वाचून दाखवतो आणि पोरे ते देवनागरीत, हिंदी म्हणून उतरवून घेतात.

आमच्या ओळखीच्या सांगलीतल्या एका घरात असेच झाले. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात घरातले बरेच सामान गेले, पण वरच्या फळीवरची वही वाचली. आजोबा गझला लिहायचे. त्यांच्या बरसीला चार शेर छापून वाटावेत असे ठरले. नातवाने मनापासून मेहनत करून ते हिंदीत उतरवले. त्यात एक शेर मरहूम आजीच्या आठवणीचा होता आणि त्यात ‘दाग़’ हा शब्द होता. नातवाने तो ‘दाग’ असा लिहिला. पत्रक वाचून शेजारच्या एका मराठी बाईंनी विचारले, “आजोबांनी आजीवर डाग आला असं का लिहिलंय हो?”

विरहाची जखम सांगणारा शेर छापून आला तो चारित्र्यावरच्या आरोपासारखा. नातवाची नियत साफ होती. चूक झाली ती पद्धतीत. ही पद्धत नीट कळावी म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

त्या वहीतले शेर छापण्याचा हक्क आमचा नाही. म्हणून त्याच जातीचे दोन शेर आम्ही स्वतः जुळवले आहेत. पुढची सगळी चर्चा या दोन शेरांवरच आहे.

जाने वाले का दाग़ रहता है
ताक़-ए-दिल में चराग़ रहता है

घर वो कब का उजड़ गया लेकिन
ज़ेह्न में एक बाग़ रहता है

पहिल्याचा साधा अर्थ असा : जो निघून गेला त्याची जखम मागे राहते, हृदयाच्या कोनाड्यात दिवा राहतो. म्हणजे ती जखम हाच तो दिवा. दुसऱ्याचा अर्थ : ते घर कधीच उजाड झाले, पण मनात एक बाग अजून राहते.

आधी शेराचा सांगाडा बघायचा

उतरवायला बसण्याआधी शेराखाली तीन गोष्टी लिहून काढाव्यात. रदीफ, काफिया आणि वजन. सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ ज्यांनी वाचली आहे त्यांना हे शब्द नवे नाहीत.

रदीफ म्हणजे जसाच्या तसा परत येणारा शेवटचा भाग. इथे तो ‘रहता है’ आहे. काफिया म्हणजे रदीफच्या आधीचा, आवाजाने जुळणारा शब्द. इथे दाग़, चराग़, बाग़. तिन्हींत ‘आग़’ हा आवाज कायम आहे. आणि वजन म्हणजे लघु-गुरूंची चाल. या शेरांची चाल मराठी पद्धतीने लिहिली तर ‘गालगागा लगालगा गागा’ अशी होते.

मराठीवाल्यांनी इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, उर्दूत ‘रह’, ‘दिल’, ‘घर’ ही दोन अक्षरे एका दमात बोलली जातात आणि ती मिळून एक गुरू होतो. दोन, मराठीत दीर्घ अक्षर हे दीर्घच राहते, पण उर्दूत ‘का’, ‘के’, ‘में’, ‘वो’, ‘ने’ अशी अक्षरे गरजेप्रमाणे आखूड म्हणता येतात. पहिली ओळ मोजून बघा : जा (गा) ने (ल) वा (गा) ले (गा), का (ल) दा (गा) ग़ (ल) रह (गा), ता (गा) है (गा). ‘ने’ आणि ‘का’ दोन्ही दिसायला दीर्घ, पण म्हणताना लघु. हे माहीत नसले की शाळेत वृत्ते शिकलेले पोर म्हणते, “सर, आजोबांचं वृत्त चुकलंय,” आणि दुरुस्त करायला बसते. चुकलेले काही नसते. ओळ आधी तीनदा मोठ्याने म्हणा, मग बोटे मोजा.

नुक्ता हा अक्षराचा भाग आहे

आता लिपीकडे येऊ. देवनागरीत उर्दूचे आवाज दाखवायला क़, ख़, ग़, ज़, फ़ अशी अक्षराखाली टिंब दिलेली अक्षरे वापरतात. त्या टिंबाला नुक्ता म्हणतात. मराठीत आपण नुक्ता लिहीत नाही, ‘गझल’, ‘बाग’, ‘कागद’ असे सरळ लिहितो, आणि मराठी मजकुरात ते बरोबरच आहे. मात्र शेर उतरवताना नुक्ता सोडला तर काय होते ते आपल्याच शेरात बघा.

‘दाग़’चा ‘दाग’ झाला की हिंदी वाचकाला आधी कपड्यावरचा किंवा इज्जतीवरचा डाग आठवतो. मराठी वाचकाला तर डाग म्हणजे डागच. उर्दूतही दाग़ म्हणजे डाग हा अर्थ आहेच. पण गझलेत तो बहुतेक वेळा काळजावरची जखम किंवा जखमेचा व्रण असतो. त्या जखमेला दिव्याची उपमा देणे ही गझलेतली जुनी रीत आहे. म्हणून पहिल्या ओळीत दाग़ आणि दुसऱ्या ओळीत चराग़ आले की उर्दू जाणणाऱ्याला न सांगता कळते की दोन्ही एकच आहेत.

‘ताक़’चे ‘ताक’ झाले तर आमच्याकडच्या मुलांना काय दिसणार ते सांगायला नको. एका तासाला ‘ताके दिल’ असे फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “दिलाचं ताक का?” हसू आले, पण प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे ताक म्हणजे ताक. हिंदीतही ‘ताकना’ म्हणजे टक लावून बघणे. उर्दूतला ‘ताक़’ म्हणजे भिंतीतला कोनाडा. जुन्या घरात दिवा, कुरआन शरीफ किंवा अत्तराची बाटली ठेवायचा, तो.

नुक्त्याचा काफियाशी तर सरळ संबंध आहे. उर्दू लिपीत ‘ग़’ म्हणजे ग़ैन आणि ‘ग’ म्हणजे गाफ. दोन वेगळी अक्षरे, दोन वेगळे आवाज. दाग़, चराग़, बाग़, सुराग़, दिमाग़ हे एकमेकांशी जुळतात. आग, राग, भाग हे त्यांच्याशी जुळत नाहीत. नुक्ता काढून टाकला की हा फरक डोळ्यांना दिसेनासा होतो आणि नवशिक्याला वाटते ‘दाग’शी ‘आग’ जुळते. मग पुढचा शेर तो स्वतः रचतो आणि तिथे आग घालतो. हिंदीत ते चालून जाईल, पण उर्दूत काफिया तुटला असेच म्हणतील.

मोबाईलवर मराठी कीबोर्डने नुक्ता सापडला नाही तर हिंदी कीबोर्ड लावून बघावा. छापखान्यात देताना मात्र मजकुरातले टिंब फाँट बदलताना गळत नाही ना, हे कच्च्या प्रतीवर तपासून घ्यावे.

इजाफत : जो उर्दूत लिहिलेला नसतो तो ‘ए’

‘ताक़-ए-दिल’ मधल्या ‘ए’ला इजाफत म्हणतात. फारसीची ही सोय आहे. ‘दिल का ताक़’ म्हणायचे असेल तर फारसीत क्रम उलटा होतो : ताक़, मग ‘ए’, मग दिल. उर्दू लिपीत हा ‘ए’ अक्षराखालच्या जेर या लहान खुणेने दाखवतात आणि हाताने लिहिताना ती खूण बहुतेक वेळा देतच नाहीत. जाणकार अंदाजाने वाचतो. म्हणून आजोबांच्या वहीत नुसते ‘ताक़ दिल में’ असे दिसेल.

शिकाऊ माणूस ते तसेच उतरवतो : ‘ताक़ दिल में चराग़ रहता है’. गंमत अशी की वजनाने ही चूक पकडता येत नाही. ता-क़े-दिल-में आणि ता-क़-दिल-में, दोन्ही गालगागाच. चूक पकडायची ती अर्थाने. ‘ताक़’ आणि ‘दिल’ अशी दोन नामे शेजारी उभी आहेत, मध्ये काहीच नाही आणि वाक्य लागत नाही. असे दिसले की समजावे, इथे इजाफत हरवली आहे. दुसरे नाव पहिल्याचा मालक आहे का हे बघावे. ‘दिल का ताक़’ असा अर्थ लागला की ‘ए’ लिहावा.

लिहिताना ‘ताक़-ए-दिल’ असे आडव्या रेघांनी जोडून लिहावे. ‘ताके दिल’ किंवा ‘ताक़ ए दिल’ असे सुटे लिहिले तर वाचणारा ‘ए दिल’ला हाक समजतो. ‘अरे हृदया’ असा भलताच अर्थ निघतो.

शब्द बदलायचा मोह आणि त्याचे तीन नमुने

लिपी झाली. आता खरा प्रश्न येतो. हिंदी वाचकाला चराग़, ताक़, ज़ेह्न हे शब्द कळणार का? नाही तर बदलायचे का? आम्ही आमच्या पहिल्या शेरावर तीन प्रयोग करून बघितले.

पहिला प्रयोग, सगळे शब्द शुद्ध हिंदी करण्याचा :

जाने वाले का घाव रहता है
मन के आले में दीप रहता है

मोजून बघा, वजन पक्के बसते. आला म्हणजे कोनाडा, घाव म्हणजे जखम, दीप म्हणजे दिवा. एकेक शब्द बरोबर आहे. तरी हा शेर राहिला नाही, कारण ‘घाव’ आणि ‘दीप’ जुळत नाहीत. मतल्यात, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेरात, दोन्ही ओळींत काफिया लागतो आणि इथे तो कुठेच नाही. शिवाय दाग़ आणि चराग़ यांच्यातले नाते आवाजानेही बांधलेले होते. एक शब्द कानात असतानाच दुसरा येत होता. घाव ऐकून दीप आठवत नाही. आणि ‘दीप’ म्हटले की हिंदी वाचकाला देवघर, आरती आठवते. त्यात वाईट काही नाही, पण आजोबांच्या मनातला दिवा तो नव्हता. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याला जाणाऱ्यांना चराग़ म्हटल्यावर जे दिसते ते वेगळे.

दुसरा प्रयोग, काफिया सांभाळून हिंदी शब्द घालण्याचा. ‘दाग’शी कानाला जुळणारा सोपा हिंदी शब्द म्हणजे आग :

जाने वाले का दाग रहता है
मन के आले में आग रहती है

वजन बसले, नुक्ता विसरला तर काफियाही बसल्यासारखा वाटतो. पण रदीफ बघा. आग स्त्रीलिंगी, म्हणून ‘रहता है’चे ‘रहती है’ झाले आणि रदीफ तुटला. ही चूक फार जणांच्या हातून होते, कारण रदीफ हा नुसता शेपटासारखा वाटतो. तो क्रियापद असेल तर त्याचे लिंग काफियाच्या शब्दावर ठरते. म्हणून बदली शब्द शोधताना तो पुल्लिंगीच हवा, ही अट आधी लिहून ठेवावी. ‘याद’, ‘ज्योति’, ‘आग’, ‘लौ’ हे सगळे शब्द या गझलेत काफियाच्या जागी बाद होतात.

आपल्या मराठी मुलांना इथे आणखी एक खड्डा आहे. मराठीत ‘ती बाग’, हिंदी-उर्दूत ‘वो बाग़’ पुल्लिंगी. दुसरा शेर घरी म्हणताना मुले हमखास ‘एक बाग़ रहती है’ म्हणतात. घरात बोलताना आपण ‘बाग सुंदर आहे’, ‘बागेत गेलो’ असेच बोलतो, त्याची सवय जिभेला असते. शंका आली की कोशात लिंग बघावे. ‘मद्दाह’ यांच्या उर्दू-हिंदी शब्दकोशात उर्दू शब्द देवनागरीत दिलेले आहेत, त्यामुळे लिपी न येणाऱ्यालाही तो वापरता येतो. फारसी शब्दाचा मूळ अर्थ मराठीतून बघायचा असेल तर माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांचा 1925 चा फार्सी-मराठी कोश आहे. मराठीत गझल रुजवणारा हा माणूस कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात फारसी शिकवत होता, हे आपल्या भागातल्या मुलांना आवर्जून सांगावे.

तिसरा प्रयोग, काफिया आणि रदीफ यांना हात न लावता फक्त इजाफत सोडवण्याचा :

जाने वाले का दाग़ रहता है
दिल में जलता चराग़ रहता है

दिल (गा) में (ल) जल (गा) ता (गा). वजन बसले. दाग़, चराग़ जागेवर, ‘रहता है’ जागेवर. ऐकणारा कुठे अडत नाही. मग गेले काय? ताक़ गेला. कोनाड्यात ठेवलेला दिवा शांत असतो, वाऱ्यापासून सांभाळलेला असतो, घरातल्या माणसाने हाताने ठेवलेला असतो. ‘जलता’ म्हटल्यावर दिवा नुसता राहत नाही, तो जळतो. दुःख थोडे उघडे पडते. मूळ शेराचा स्वभाव सांभाळून ठेवण्याचा आहे, हा शेर जळण्याचा झाला. वाईट नाही, पण वेगळा.

म्हणून आमचा नियम असा. छापायचे असेल तर मूळ ‘ताक़-ए-दिल’च ठेवावे आणि खाली अर्थ द्यावा, कारण छापलेला वाचक थांबू शकतो, खाली बघू शकतो. मंचावर किंवा घरच्या मैफलीत म्हणायचे असेल आणि ऐकणारे उर्दू जाणणारे नसतील तर तिसरे रूप म्हणायला हरकत नाही, पण ‘हे आम्ही सोपे केले आहे’ एवढे सांगावे. आजोबांच्या नावाखाली आपली ओळ खपवू नये.

शह्र आणि शहर, ज़ेह्न आणि ज़हन

दुसऱ्या शेरात काफियाची अडचण नाही, पण ‘ज़ेह्न’ या शब्दाची आहे. उर्दूत तो ‘ज़ेह्-न’ असा, म्हणजे गाल या वजनात म्हणतात. ह आणि न यांच्यामध्ये स्वर नाही. हिंदीत तो ‘ज़हन’ किंवा ‘जेहन’ असा लिहिला जातो. ज़-हन म्हटले तर लगा होते, जे-हन म्हटले तर गागा होते. दोन्हींनी आपली ओळ अडखळते, कारण तिथे ‘गाल’ हवे. ओळ मोठ्याने म्हणताना ‘में’च्या आसपास पाय मुरगळल्यासारखे झाले की समजावे, असा एखादा शब्द हिंदी उच्चाराने आला आहे. शह्र, वज़्न, ज़ह्र, सब्र, क़ब्र, हिज्र हे सगळे याच जातीचे.

यावर हिंदीत एक प्रसिद्ध वाद झालेला आहे. दुष्यंत कुमार यांचा ‘साये में धूप’ हा हिंदी गझलांचा संग्रह 1975 चा. त्याच्या भूमिकेत त्यांनी लिहिले आहे की काही उर्दू जाणणाऱ्या मित्रांनी ‘शहर’ नव्हे ‘शह्र’, ‘वज़न’ नव्हे ‘वज़्न’ असा आक्षेप घेतला. त्यांचे उत्तर साधारण असे होते की हे शब्द हिंदीत ज्या रूपात मिसळले आहेत त्या रूपातच आपण ते वापरले, माहिती नव्हती म्हणून नव्हे.

आम्हाला दोन्ही बाजू बरोबर वाटतात, फक्त जागा वेगळी आहे. तुम्ही स्वतः हिंदीत नवी गझल लिहीत असाल तर ‘शहर’ला लगा धरा, दुष्यंत कुमारांचा रस्ता तुम्हाला मोकळा आहे. पण दुसऱ्याचा उर्दू शेर उतरवत असाल तर त्याने जे वजन धरले तेच ठेवावे लागते. त्याच्या ओळीत ‘ज़ेह्न’ला ‘गाल’ची जागा आहे. तिथे ‘ज़हन’ लिहिले तर शेर त्याचा, पण ठेच तुमची.

जोडाक्षर वाचकाला जड जाईल असे वाटले तर सोपे रूप करता येते : ‘मन में अब भी वो बाग़ रहता है’. वजन पुरे बसते आणि इथे नुकसानही कमी आहे, कारण मन हा शब्द आठवणीलाही चालतो. ‘एक बाग़’ऐवजी ‘वो बाग़’ झाले, म्हणजे कुठली तरी बाग न राहता तीच ती बाग झाली, एवढाच फरक. पहिल्या शेरात शब्द बदलणे महाग पडले, दुसऱ्यात स्वस्त पडले. प्रत्येक शब्दाचा असा वेगळा हिशेब करावा लागतो, सगळ्या वहीला एकच नियम लावता येत नाही.

‘जाने वाला’ कोण?

शेवटची गोष्ट भावाची. त्या सांगलीच्या नातवाने आम्हाला विचारले होते, “शेर आजीवर आहे ना, मग आजोबांनी ‘वाला’ का लिहिलंय? ‘वाली’ करू का?” वजनाला काही धक्का नाही, ‘ले’च्या जागी ‘ली’ येईल एवढेच. व्याकरणही बरोबर राहील.

तरी करू नये. उर्दू गझलेत ज्याच्याविषयी बोलायचे त्याला पुल्लिंगी ठेवायची परंपरा आहे. त्यामुळे शेर एका माणसापुरता राहत नाही. ‘जाने वाला’ म्हणजे आजी असेल, तरुणपणी गेलेला भाऊ असेल, मुंबईला कामाला गेलेला आणि परत न आलेला दोस्त असेल. ऐकणारा आपापला माणूस तिथे ठेवतो. ‘जाने वाली’ केले की दार एकाच माणसासाठी उघडते आणि त्यातही लोक कोण ती असा शोध घेऊ लागतात. आजोबांनी जे झाकून ठेवले ते आपण उघडे करू नये. शेर आजीच्या आठवणीतला आहे हे सांगायचे असेल तर वर वेगळ्या ओळीत तसे लिहावे, शेरात हात घालू नये.

आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचे इलाही जमादार आयुष्यभर मराठी गझल लिहीत राहिले, 2021 साली त्यांचे निधन झाले. मराठी आणि उर्दू दोन्हींची चव जिभेवर असणारी माणसे या मातीत आहेत. वही लागत नसेल तर आधी अशा माणसाचे दार ठोठवावे.

छापायला देताना पान कसे असावे

त्या घरासाठी आम्ही शेवटी जो नमुना करून दिला, तो इथे आमच्या शेरावर दाखवतो. वर मूळ शेर, नुक्ते आणि इजाफतीसह. खाली शब्दार्थ, पण तीनच्या वर नाहीत. त्याखाली एका वाक्यात भावार्थ. भावार्थाला वजन किंवा यमक जुळवायचा प्रयत्न करायचा नाही.

जाने वाले का दाग़ रहता है
ताक़-ए-दिल में चराग़ रहता है

दाग़ : बिछड़ने का ज़ख़्म, ज़ख़्म का निशान
ताक़-ए-दिल : दिल का ताक़, दीवार में बना आला
चराग़ : दीया

भावार्थ : जो चला गया उसका ज़ख़्म ही अब दिल में दीये की तरह रखा है।

‘चराग़’ कुणी ‘चिराग़’ही लिहितात. दोन्ही रूपे चालतात, वजन एकच आहे. वहीचा मालक जसे म्हणायचा तसे ठेवावे.

छापण्याआधी हे पान दोन माणसांना वाचायला द्यावे. एक उर्दू जाणणारा, त्याला फक्त मोठ्याने वाचायला सांगावे. तो अडखळला नाही तर वजन, नुक्ते आणि इजाफत ठीक आहेत. दुसरा उर्दू अजिबात न येणारा, त्याला अर्थ सांगायला लावावे. त्याने ‘दाग़’ला डाग म्हटले तर शब्दार्थ कमी पडला आहे. पहिल्या पत्रकाच्या वेळी हे दुसरे वाचन झाले नव्हते. नाहीतर शेजारच्या बाईंचा तो प्रश्न छापण्याआधी, घरातच विचारला गेला असता. पुढच्या बरसीला नवे पत्रक निघाले तेव्हा पहिली प्रत त्यांनाच वाचायला दिली होती.